लाईन गेली की फोनवर, आली की टीव्हीवर

मुलचेऱ्यात पावसाळ्यात लाईन कधी जाईल हे सांगता येत नाही, जाणार एवढं मात्र नक्की. जंगलातून आलेल्या तारांवर कुठेतरी फांदी पडते आणि इकडे टीव्हीवरची गाडी शेवटच्या वळणावर असताना पडदा काळा होतो. आमच्या घरी एक्सबॉक्स सिरीज एस आहे. इन्व्हर्टरही आहे, पण तो पंखे आणि दिव्यांपुरता. त्यामुळे लाईन गेली की भाचा कंट्रोलर घेऊन फोनकडे वळतो. फोनला बॅटरी असते, आणि माइनक्राफ्टसारखा फोनमध्ये उतरवून ठेवलेला खेळ इंटरनेटशिवायही चालतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण लाईन आली की आवाज यायचा, "मामाजी, रिमोट पुन्हा लागून नाही राहिला!" आमच्याकडे कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. मग कन्सोलवरचं बटण दाबा, कंट्रोलरवरचं दाबून धरा, दिवा लुकलुकेपर्यंत थांबा, नाही लागला तर पुन्हा तेच. तासाभराने परत लाईन जायची आणि फोनशी तोच सोहळा नव्याने. महिनाभर हे चाललं. सुरुवातीला वाटलं, कंट्रोलरच खराब निघाला. कंट्रोलर चांगला होता. आम्हीच दर वेळी त्याची जुनी ओळख पुसून नवी करून देत होतो.

हा लेख मुख्यतः एक्सबॉक्सच्या कंट्रोलरबद्दल आहे, कारण आमच्या घरी तोच आहे. प्लेस्टेशनवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी 'पेअर करणं' म्हणजे काय घडतं ते पाहू. कंट्रोलर आणि समोरचं यंत्र पहिल्यांदा भेटतात तेव्हा ते एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि दोघंही ती स्वतःजवळ जपून ठेवतात. पुढच्या वेळी कंट्रोलर चालू झाला की ती किल्ली जुळते आणि जोडणी आपोआप होते. म्हणजे पेअर एकदाच करायचं असतं, रोज होते ती नुसती जोडणी. घोळ एवढाच, की कंट्रोलरकडे किल्ल्या ठेवायला जागा फार थोडी असते. नवी किल्ली आली की जुनी बाहेर पडते.

एक्सबॉक्सच्या नव्या कंट्रोलरमध्ये दोन वेगवेगळे रेडिओ आहेत. एक मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा, मुख्यतः कन्सोलशी बोलायचा, त्याला 'एक्सबॉक्स वायरलेस' म्हणतात. दुसरा ब्लूटूथ, म्हणजे फोन आणि लॅपटॉपशी बोलायचा. कन्सोलला कंट्रोलरशी ब्लूटूथवर बोलता येत नाही आणि फोनला एक्सबॉक्स वायरलेस कळत नाही. प्रत्येक रेडिओसाठी एकाच किल्लीची जागा आहे. म्हणजे एक कन्सोल आणि एक ब्लूटूथवालं यंत्र, एवढे दोघं कंट्रोलर एकाच वेळी लक्षात ठेवू शकतो. हे दोघं एकमेकांच्या जागेत घुसत नाहीत. फोनशी पेअर केल्याने कन्सोलची किल्ली जात नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं. भाच्याला वाटायचं की फोनला लागला म्हणजे कन्सोलपासून तुटला, म्हणून तो सगळं पहिल्यापासून करायचा. खरं तर एका रेडिओवरून दुसऱ्यावर जायला पेअरचं छोटं बटण लागोपाठ दोनदा टिचकावलं की पुरतं.

पण त्याआधी तुमच्या हातातला कंट्रोलर कोणता आहे ते बघा. गडचिरोली किंवा चंद्रपूरकडून कुणाचा जुना कंट्रोलर स्वस्तात घेणारे पुष्कळ असतात, आणि जुन्यांपैकी काहींत ब्लूटूथच नसतं. ओळखायची सोपी खूण अशी. वरच्या बाजूला एक्सबॉक्सचं चमकणारं बटण असतं, त्याच्या भोवतालचं प्लास्टिक पाहा. ते खालच्या तोंडवळ्याच्याच तुकड्याचं, सलग असेल तर ब्लूटूथ आहे. ते वेगळं, चकचकीत आणि खांद्यावरच्या दोन बटणांच्या पट्टीला जोडलेलं दिसत असेल तर नाही. ब्लूटूथचा कंट्रोलर 2016 साली एक्सबॉक्स वन एसबरोबर आला. खात्री करायची तर मागचं झाकण काढून सेल बाहेर घ्या, आत चिकटवलेल्या कागदावर मॉडेलचा क्रमांक असतो. 1537 आणि 1697 हे ब्लूटूथ नसलेले, 1708 हा 2016 चा ब्लूटूथवाला, आणि 1914 हा 2020 साली सिरीज एक्स आणि सिरीज एसबरोबर आलेला. त्याच्या मधोमध शेअरचं जास्तीचं बटण आणि वर टाइप-सीचं भोक असतं. आमचा 1914 आहे.

1914 मध्ये दोनदा टिचकावून अदलाबदल करायची सोय पहिल्यापासून आहे. 1708 मध्ये ती 2021 च्या अपडेटने आली. तुमचा 1708 कपाटात पडून राहिलेला असेल आणि कुणी तो कधी अपडेटच केला नसेल, तर तुम्ही बटण कितीही टिचकावा, काही होणार नाही. अशा वेळी दोष तुमच्या बोटाचा नसतो. कंट्रोलर केबलने कन्सोलला जोडा, सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अॅक्सेसरीजवर जा, कंट्रोलर निवडा आणि तिथे अपडेट दिसलं तर करून घ्या. कन्सोल नसेल तर विंडोजच्या लॅपटॉपवर `Xbox Accessories` नावाचं मोफत अॅप आहे, त्यातूनही होतं. अपडेट चालू असताना केबल काढू नका. आणि हे काम लाईन आणि नेट दोन्ही असताना, आभाळ मोकळं बघून उरका. आमच्याकडे ढग भरून आल्यावर असली कामं काढत नाहीत.

आता एकदाच करायची मांडणी. पहिल्यांदा कन्सोल. तो चालू करा, कंट्रोलर केबलने त्याला जोडा आणि कंट्रोलरवरचं एक्सबॉक्सचं बटण दाबा. जोडला गेला की केबल काढा, पेअर झालेलं असतं. केबल नसेल तर कन्सोलच्या पुढच्या बाजूचं पेअरचं छोटं बटण दाबून सोडा, आणि वीसेक सेकंदांच्या आत कंट्रोलरवरचं पेअरचं बटण दाबून धरा. कंट्रोलरवर हे बटण वरच्या कडेला, केबलच्या भोकाच्या शेजारी असतं. गोल, हरभऱ्याएवढं, सहज नजरेत न येणारं.

मग फोन. कंट्रोलर चालू ठेवूनच तेच बटण तीन सेकंद दाबून धरा. एक्सबॉक्सच्या बटणाचा दिवा भराभर लुकलुकायला लागेल. फोनवर ब्लूटूथ उघडा, नवीन उपकरणांच्या यादीत `Xbox Wireless Controller` असं नाव येईल, त्यावर बोट ठेवा. फोनने परवानगी मागितली तर द्या. दिवा स्थिर झाला की फोनशी ओळख झाली.

लगेच परीक्षा घ्या, म्हणजे नंतर अंधारात चाचपडावं लागणार नाही. कंट्रोलर फोनला जोडलेला आहे, कन्सोल चालू आहे. पेअरचं बटण पटकन दोनदा टिचकावा. दिवा थोडा लुकलुकेल, मग स्थिर होईल आणि टीव्हीवर कंट्रोलर चालू लागेल. पुन्हा दोनदा टिचकावा, आता फोनवर चालेल. दोन्हीकडे दोन-दोनदा जाऊन या. हे जमलं म्हणजे दोन्ही किल्ल्या जागेवर आहेत, आणि पेअर करण्याची गरज संपली.

दाबून धरणं आणि टिचकावणं यात गल्लत होते, तीच सगळ्यांत जास्त होते. तीन सेकंद दाबून धरणं म्हणजे 'मला नवी ओळख करायची आहे'. दोनदा टिचकावणं म्हणजे 'त्या दुसऱ्या जुन्या ओळखीच्याकडे चल'. दिवा सांगतो तुम्ही काय केलं ते. भराभर लुकलुकत असेल तर तुम्ही नवी ओळख मागितली आहे. सावकाश लुकलुकत असेल तर कंट्रोलर ओळखीच्याला शोधतो आहे. चुकून भराभर सुरू झाला तर घाबरून कुठेही पेअर करू नका. एक्सबॉक्सचं बटण पाच-सहा सेकंद धरून कंट्रोलर बंद करा, पुन्हा चालू करा. दिवा स्थिर झाल्यावर मात्र तो कुणाला जोडला आहे हे दिव्यावरून कळत नाही, रंग तोच, उजेड तोच. ते फोनच्या ब्लूटूथच्या यादीत बघायचं. नावाखाली जोडलेला असं दिसलं तर फोनला आहे, नाहीतर कन्सोलला.

आता एका संध्याकाळी हे प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो. सात वाजता भाचा टीव्हीवर खेळतो आहे. लाईन जाते. कन्सोल मेला, पण कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेल आहेत, तो जिवंत आहे. त्याचा कन्सोल हरवला म्हणून तो सावकाश लुकलुकू लागतो आणि थोड्या वेळाने कंटाळून बंद होतो. त्याआधीच भाचा दोनदा टिचकावतो. फोनचं ब्लूटूथ चालू असेल तर काही क्षणांत दिवा स्थिर, माइनक्राफ्ट सुरू. कंट्रोलर आधीच बंद झाला असेल तर आधी एक्सबॉक्सचं बटण दाबून तो चालू करायचा, आणि लुकलुकत असतानाच टिचकावायचं.

आठ-सव्वाआठला लाईन येते. इथे आमचं दुसऱ्यांदा चुकायचं. लाईन आल्यावर कन्सोल आपण होऊन चालू होत नाही. एरवी कंट्रोलरवरचं एक्सबॉक्सचं बटण दाबून तो उठवायची सवय असते, म्हणून भाचा तेच दाबायचा. पण कंट्रोलर अजून फोनच्या बाजूला आहे. दाबलं की फोन प्रतिसाद देतो, कन्सोल ढिम्म. मग "लागून नाही राहिला" आणि पुन्हा पेअर. यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की कंट्रोलर बंद करून चालू केला तरी तो शेवटी ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच जातो. रात्री फोनवर खेळून ठेवला तर सकाळीही तो फोनलाच शोधतो, आणि फोन शेतावर गेलेला असला तर कुणालाच न सापडता बंद पडतो. म्हणून लाईन आल्यावर आधी दोनदा टिचकावायचं आणि मग कन्सोल उठवायचा. नाहीतर सरळ जाऊन कन्सोलवरचंच बटण दाबायचं आणि आल्यावर टिचकावायचं. आमच्या घरी आता कंट्रोलर खाली ठेवण्याआधी तो टीव्हीच्या बाजूला टिचकावून ठेवायचा असं ठरलं आहे. भाचा दहातून सात वेळा पाळतो.

तिसरं यंत्र आलं की गणित बिघडतं. घरात लॅपटॉप आहे, बहिणीचा, कामाचा, पण सुट्टीत त्यावरही खेळ होतो. लॅपटॉपही ब्लूटूथवर जोडला की फोनची किल्ली बाहेर पडते, कारण जागा एकच. मग लॅपटॉपहून फोनवर जायला दर वेळी पेअर करावं लागतं, म्हणजे पुन्हा जिथल्या तिथे.

यावर लोक दोन उपाय करतात. एक म्हणजे लॅपटॉपसाठी मायक्रोसॉफ्टचा यूएसबीवाला वायरलेस अॅडॉप्टर घेणं. तो छान चालतो, जोडणी ब्लूटूथपेक्षा पक्की असते, पण आपल्या कामासाठी तो उलटा पडतो. तो अॅडॉप्टर एक्सबॉक्स वायरलेसच वापरतो, म्हणजे कन्सोलच्याच जागेवर बसतो. लॅपटॉपला जोडलं की कन्सोल विसरला. ज्याच्याकडे कन्सोल नाही त्याने तो खुशाल घ्यावा, आपण घेऊ नये.

दुसरा उपाय फुकट आहे, तो म्हणजे केबल. कन्सोलला एक्सबॉक्स वायरलेस, फोनला ब्लूटूथ, लॅपटॉपला तार. तिघांना तीन वेगळ्या वाटा दिल्या की कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. विंडोज 10 आणि 11 वर केबल लावली की कंट्रोलर लगेच ओळखला जातो, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि दोन्ही जुन्या किल्ल्या जशाच्या तशा राहतात. कंट्रोलरच्या खालच्या भोकात हेडफोन लावणाऱ्यांचा आणखी एक फायदा: ब्लूटूथवर त्या भोकातून आवाज येत नाही, तारेवर येतो. केबल काढली की एक्सबॉक्सचं बटण दाबा, कंट्रोलर आधी ज्या बाजूला होता त्या बाजूला परत जातो.

केबलची एक खोड आहे. काही स्वस्त चार्जरांच्या केबली फक्त वीज नेतात, माहिती नेत नाहीत. ती लावली तर लॅपटॉपला कंट्रोलर दिसतच नाही, आणि माणूस उगाच लॅपटॉपला दोष देतो. ओळखायचं असं: त्याच केबलने फोन लॅपटॉपला जोडा. फोनमधले फोटो लॅपटॉपवर दिसायची सोय आली तर केबल पूर्ण आहे, फोन नुसता चार्ज होत राहिला तर ती कंट्रोलरला उपयोगाची नाही. आणखी एक, 1914 ला टाइप-सी लागते, 1708 ला जुन्या फोनांची मायक्रो यूएसबी. घरात दोन्ही कंट्रोलर असतील तर दोन्ही केबली जपून ठेवा.

एवढं सगळं बसलं तरी एक दिवस मोडतंच. आमच्याकडे ते सुंदरनगरच्या पाहुण्यामुळे मोडलं. भाच्याचा वर्गमित्र तिकडून सायकलने येतो. घरी बंगाली, शाळेत मराठी आणि खेळताना दोन्ही मिसळून, तोंड अखंड चालू. लाईन गेली होती, आणि त्याच्या फोनवर भाच्याच्या फोनवर नसलेला एक खेळ होता. त्यांनी कंट्रोलर त्याच्या फोनशी पेअर केला, दोन तास खेळले, मित्र घरी गेला.

दुसऱ्या दिवशी भाचा आपल्या फोनवर खेळायला बसला. दोनदा टिचकावलं. फोनच्या यादीत `Xbox Wireless Controller` हे नाव आहेच, जुनं, ओळखीचं, पण जोडलं जात नाही. दाबलं की क्षणभर प्रयत्न करतो आणि नाही म्हणतो. यात फसगत अशी, की फोनने आपली किल्ली अजून जपून ठेवली आहे, पण कंट्रोलरने ती टाकून मित्राच्या फोनची ठेवली आहे. एका बाजूला किल्ली आहे आणि दुसऱ्या बाजूला कुलूपच बदललेलं. अशा वेळी नुसतं पेअर करायला गेलं तरी काही फोन जुनीच किल्ली पुढे करतात आणि अडतात. म्हणून आधी जुनं नाव पुसायचं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत नावाशेजारच्या चाकावर बोट ठेवून `Forget`, आयफोनवर `i` च्या खुणेत `Forget This Device`, विंडोजवर `Remove device`. पुसल्यावर फोनचं ब्लूटूथ एकदा बंद करून चालू करा, मग कंट्रोलरचं बटण तीन सेकंद धरून नव्याने पेअर करा. कन्सोलच्या किल्लीला या सगळ्यात धक्का लागत नाही. तिकडे टिचकावलं की तो होता तसा.

पाहुण्याच्या फोनवर खेळायचंच असेल तर सोपं आहे. अँड्रॉइड फोनला ओटीजीचा छोटा जोड आणि केबल लावून कंट्रोलर तारेने जोडता येतो. किंवा मग मान्य करायचं, की त्या संध्याकाळनंतर आपल्या फोनशी एकदा पेअर करावं लागेल. वर्षातून दोनदा होत असेल तर त्यासाठी ओटीजी शोधत बसू नये, असं माझं मत.

हेच कन्सोलच्या बाबतीतही होतं. अहेरीला मावशीकडे एक्सबॉक्स आहे म्हणून सुट्टीत कंट्रोलर सोबत नेला आणि तिथे पेअर केला, तर घरच्या कन्सोलची किल्ली गेली. परत आल्यावर घरच्या कन्सोलला केबल लावून एक्सबॉक्सचं बटण एकदा दाबा, अर्ध्या मिनिटाचं काम. फोनची किल्ली दोन्ही प्रवासांत शाबूत राहते.

आता प्लेस्टेशन. प्लेस्टेशन 4 चा ड्युअलशॉक 4 सगळ्यांशी ब्लूटूथवरच बोलतो, कन्सोलशीही. आणि त्याच्याकडे जागा एकच. म्हणजे फोनशी पेअर केला की कन्सोल विसरलाच, टिचकावून परत जायची सोय नाही. इथे शहाणपण याच्यात की ती एक जागा कन्सोललाच द्यायची आणि लॅपटॉपला केबल लावायची. फोनवर ब्लूटूथने खेळायचंच असेल तर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र धरायची, पुढचा दिवा जोडीजोडीने भराभर लुकलुकू लागला की फोनच्या यादीतून जोडायचं. परत येताना कन्सोल चालू करून कंट्रोलर मायक्रो यूएसबी केबलने त्याला लावा आणि पीएसचं बटण दाबा. कन्सोल तारेतूनच आपली ओळख कंट्रोलरमध्ये लिहून टाकतो. केबल टीव्हीच्या शेजारीच कायम लटकत ठेवली तर हा त्रास त्रास वाटत नाही.

प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्सचंही बरीच वर्षं असंच होतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सोनीने अपडेट दिलं, तेव्हापासून तो चार यंत्रांपर्यंत लक्षात ठेवतो. त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन या चार बटणांवर चार यंत्रं नेमायची, आणि पीएस बटणाबरोबर त्या त्या यंत्राचं बटण धरून तिकडे जायचं. ज्यांच्याकडे ड्युअलसेन्स आहे त्यांनी कन्सोल आणि कंट्रोलर दोन्हींचं अपडेट करून घ्यावं. फुलीवर कन्सोल, गोलावर फोन असं एकदा ठरवून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं, नाहीतर एकाने नेमलेलं दुसरा बदलतो आणि कुणालाच कळत नाही.

खरेदीला निघालेल्यांसाठी एक सावधगिरी. बाजारात एक्सबॉक्ससारखे दिसणारे, सोबत यूएसबीचं छोटं बोंडुक देणारे स्वस्त वायरलेस कंट्रोलर मिळतात. लॅपटॉपवर आणि फोनवर ते बरे चालतात, पण त्यातले बहुतेक एक्सबॉक्स कन्सोलला लागतच नाहीत, कारण कन्सोल ब्लूटूथ ऐकत नाही आणि त्या बोंडुकालाही ओळखत नाही. पाकिटावर एक्सबॉक्स कन्सोलसाठी असं स्पष्ट छापलेलं नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. चंद्रपूरला परत करायला जायचं तर आपला अख्खा दिवस जातो.

फोनवर खेळ कोणते, हेही आधी पाहावं. माइनक्राफ्ट आणि कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल कंट्रोलर मान्य करतात. बीजीएमआयमध्ये तो अधिकृतपणे चालत नाही. कंट्रोलरच्या बटणांना पडद्यावरच्या स्पर्शात बदलणारी अॅपं मिळतात, पण ती वापरली तर खातं बंद होण्याची भीती असते. कंट्रोलर जोडलेला असून खेळ हलत नसेल तर पुन्हा पेअर करायच्या आधी एवढं करून पाहा: फोनच्या मुख्य पडद्यावर या आणि कंट्रोलरच्या दिशेच्या बटणांनी अॅपांवरून फिरून बघा. तिथे निवड हलली तर जोडणी ठीक आहे, त्या खेळालाच कंट्रोलर नको आहे.

आणि सेल. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात. ते उतरत आले की जोडणी मधेच तुटते, टिचकावल्यावर दिवा लुकलुकून विझतो, आणि सगळी लक्षणं किल्ली हरवल्यासारखीच दिसतात. आम्ही एकदा याच गैरसमजात फोनवरचं नाव पुसून बसलो होतो. आता भाचा आधी सेल बदलून बघतो. किराण्याच्या दुकानात ते लाईन नसतानाही मिळतात.